बाईचा जी-६-पीडी रिपोर्ट कसा वाचावा

अळणावर हे जंक्शन. लोंढ्याकडे जाणारी गाडी धरली की गोवा फार लांब नाही. बांधकामावर, हॉटेलांत, बंदराच्या कामावर गोव्याला किंवा मंगळूरला जाऊन येणारी कुटुंबं इथे, हल्याळला, खानापूरच्या बाजूला घरोघरी सापडतात. परत आल्यावर कुणाला थंडीताप भरतो, रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघतो, आणि दवाखान्यातून दोन औषधं मिळतात. क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. पहिलं औषध रक्तातले जंतू मारतं. दुसरं यकृतात दडून राहिलेल्या जंतूंसाठी असतं, कारण ते तसेच राहिले तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच ताप पुन्हा उलटतो.

हा लेख त्या दुसऱ्या गोळीविषयी आणि ती घेणाऱ्या बाईविषयी आहे. ही गोळी सुरू करण्याआधी जी-६-पीडी नावाची रक्ततपासणी करायला सांगतात. पुरुषाच्या बाबतीत त्या तपासणीचं उत्तर बहुधा सरळ असतं. बाईच्या बाबतीत 'नॉर्मल' लिहिलेला रिपोर्टही काही वेळा फसवा निघतो. यात लॅबची चूक असतेच असं नाही. बाईचं शरीर मुळात दोन प्रकारच्या पेशींचं मिळून बनलेलं असतं, आणि साधी तपासणी त्या दोन प्रकारांना एकत्र मोजते. हे कसं घडतं ते कळलं, तर रिपोर्ट हातात आल्यावर कोणता प्रश्न विचारायचा हे तुमचं तुम्हालाच सुचेल.

आधी जी-६-पीडी म्हणजे काय ते पाहू. लाल पेशी दिवसभर प्राणवायू वाहते, आणि त्याच प्राणवायूमुळे तिचं आतून नुकसानही होत असतं. हे नुकसान भरून काढणारी एक रासायनिक यंत्रणा तिच्यात असते, आणि ती चालू ठेवणारं विकर म्हणजे जी-६-पीडी. प्रायमाक्विन पोटात गेलं की लाल पेशींवरचा हा भार एकदम वाढतो. विकर भरपूर असेल तर पेशी तो सोसते. विकर नसेल तर पेशी फुटते आणि तिच्यातलं हिमोग्लोबिन बाहेर पडून लघवीवाटे जाऊ लागतं. पिकलेल्या लाल पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं विकर तयार करता येत नाही. जन्मताना मिळालेल्या पुंजीवर तिला साधारण १२० दिवस काढायचे असतात. म्हणून औषधाचा घाव आधी म्हाताऱ्या पेशींवर बसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

हे विकर बनवण्याची सूचना एक्स गुणसूत्राच्या एका टोकाला असते. पुरुषाकडे एक्स एकच असतो. त्यावरचं जनुक चांगलं असेल तर त्याच्या सगळ्या लाल पेशी धडधाकट, आणि बिघडलेलं असेल तर सगळ्या कमकुवत. मधली अवस्था जवळपास नसते. बाईकडे दोन एक्स असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. एक चांगला आणि एक बिघडलेला असेल तर काय होईल? बहुतेकांना वाटतं, की प्रत्येक पेशीत अर्धं विकर तयार होत असेल आणि तेवढं पुरत असेल. शाळेत प्रभावी आणि अप्रभावी गुण शिकताना आपल्या मनात हेच चित्र बसलेलं असतं. इथे ते चित्र खोटं ठरतं.

इंग्लंडमधल्या मेरी लायन या संशोधक उंदरांच्या केसांच्या रंगावर काम करत होत्या. काही जनुकांच्या बाबतीत उंदरांच्या माद्या ठिपकेदार किंवा पट्टेदार निघत आणि नर कधीच तसे निघत नसत. १९६१ मध्ये त्यांनी याचा अर्थ मांडला. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स कामावर असतो आणि दुसरा बंद केलेला असतो. कोणता बंद करायचा हे गर्भाच्या अगदी सुरुवातीला, पेशी मोजक्या असताना, प्रत्येक पेशीत स्वतंत्रपणे आणि दैवगतीने ठरतं. एकदा ठरलं की त्या पेशीपासून पुढे विभागून तयार होणाऱ्या सगळ्या पेशी तोच निर्णय पाळतात. त्याआधी १९४९ मध्ये मरे बार आणि इवर्ट बर्ट्रम यांना मांजरीच्या चेतापेशींत, केंद्रकाच्या कडेला एक गडद ठिपका दिसला होता. तो माद्यांत दिसायचा, बोक्यांत दिसायचा नाही. तो ठिपका म्हणजे आवळून गुंडाळी केलेला, बंद पडलेला एक्स हे नंतर कळलं.

हे बंद करणं कसं घडतं तेही आता बरंच माहीत आहे. एक्सवरच 'एक्झिस्ट' नावाचं एक जनुक आहे, १९९१ मध्ये सापडलेलं. ज्या एक्सवर ते जागं होतं तिथे त्याचा आरएनए तयार होतो. या आरएनएपासून कुठलंही प्रथिन बनत नाही. तो त्याच गुणसूत्राला लपेटत जातो, मग तिथे इतर प्रथिनं गोळा होतात, डीएनएवर रासायनिक खुणा बसतात आणि जवळजवळ सगळं गुणसूत्र गप्प होतं. 'जवळजवळ' म्हणायचं कारण असं की माणसात काही जनुकं या बंदीतून निसटतात आणि दोन्ही प्रतींवरून चालू राहतात. जी-६-पीडी मात्र त्यांतलं नाही. ते पुरतं बंद होतं. म्हणूनच आपल्या प्रश्नात मधला मार्ग उरत नाही. एखादी लाल पेशी चांगल्या एक्सवर चालणाऱ्या मूळपेशीतून आली असेल तर तिच्यात पुरेपूर विकर असतं. बिघडलेल्या एक्सवर चालणाऱ्या मूळपेशीतून आली असेल तर जवळपास काहीच नसतं. बाईच्या रक्तात हे दोन प्रकार मिसळून वाहत असतात.

घरातली तिरंगी मांजर पाहिली असेल तर हेच तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. भगवा रंग आणणारा बदल एक्सवर असतो. एका एक्सवर तो आहे आणि दुसऱ्यावर नाही अशा मांजरीच्या अंगावर काळे आणि भगवे पट्टे उमटतात. पांढरा भाग वेगळ्याच, एक्सवर नसलेल्या जनुकामुळे येतो. तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच असते ती यामुळे, आणि क्वचित दिसणाऱ्या तिरंगी बोक्याकडे बहुधा एक एक्स जादा असतो. कातडीतल्या रंगपेशी आपापल्या जागी वाढतात, म्हणून मांजरीवर ठिगळं दिसतात. रक्त मात्र ढवळलेलं असतं. त्यातली ठिगळं एकेका पेशीएवढी लहान असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि तपासणीची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

लायन यांचं म्हणणं माणसालाही लागू आहे हे दाखवणारा एक महत्त्वाचा पुरावा जी-६-पीडीतूनच आला. अमेरिकेतले डॉक्टर अर्नेस्ट ब्यूटलर प्रायमाक्विनमुळे काही लोकांचं रक्त का फुटतं याचा शोध घेणाऱ्यांपैकी होते. १९६२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक बिघडलेलं जनुक असलेल्या बायकांचं रक्त तपासलं. प्रत्येक पेशीत अर्धं विकर असतं, तर सगळ्या पेशी सारख्याच मंद गतीने काम करताना दिसल्या असत्या. तसं दिसलं नाही. ते रक्त निरोगी माणसाचं आणि विकर नसलेल्या माणसाचं रक्त एकत्र ओतावं तसं वागलं. काही पेशी पूर्ण क्षमतेच्या आणि काही अक्षम. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने जी-६-पीडीचे दोन वेगळे प्रकार असलेल्या बायकांच्या कातडीतली एकेक पेशी वेगळी काढून वाढवली. प्रत्येक पेशीच्या वंशात जी-६-पीडीचा एकच प्रकार निघाला, दोन्ही कधी एकत्र निघाले नाहीत. निर्णय एकदाच होतो आणि मग पिढ्यानपिढ्या टिकतो, हे त्यातून पक्कं झालं.

आता हा विषय आपल्याच भागात किती जवळ आहे ते सांगतो. जी-६-पीडीचे बिघाड अनेक आहेत, आणि ते जिथे प्रथम सापडले त्या ठिकाणांची नावं त्यांना मिळतात. १९८४ मध्ये इशवाड आणि नाईक या संशोधकांनी एका कोळी कुटुंबात सापडलेल्या नव्या प्रकाराचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला 'जी-६-पीडी कल्याण' असं नाव दिलं. पुढे, १९९२ मध्ये, दिसून आलं की 'केरळ' नावाने आधीच नोंदलेला प्रकार आणि हा कल्याणचा प्रकार मुळात एकच आहे. विकराच्या साखळीत ३१७ व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसीन बसलेलं असतं, एवढाच तो बदल. आज त्याला 'केरळ-कल्याण' म्हणतात. भारतात वारंवार सापडणाऱ्या तीन प्रकारांत तो आहे, बाकीचे दोन म्हणजे 'मेडिटरेनियन' आणि 'ओडिशा'. मुंबईच्या पारशी समाजात हा दोष बराच आढळतो हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदलं गेलं होतं. तेव्हा हा परदेशातला दुर्मीळ आजार नाही. मलेरिया जिथे पिढ्यानपिढ्या राहिला त्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला, आणि पश्चिम घाटाच्या दोन्ही बाजूंना मलेरिया पुष्कळ काळ राहिलेला आहे.

एक उदाहरण पुरतं सोडवून पाहू. समजा, अळणावरची २८ वर्षांची एक बाई. वजन ५० किलो, हिमोग्लोबिन १०, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं असतं तेवढंच. मंगळूरहून आल्यावर व्हायवॅक्स निघाला. तिच्या भावाला लहानपणी कुठल्याशा गोळीने लाल लघवी झाली होती आणि जी-६-पीडी कमी आहे असं तेव्हा सांगितलं होतं. भावाचा एकुलता एक्स आईकडून आला, म्हणजे आईच्या दोन एक्सपैकी निदान एक बिघडलेला आहे. दुसरा चांगला असेल तर हिच्याकडे बिघडलेला एक्स असण्याची शक्यता निम्मी. वडील निरोगी असतील तर त्यांच्याकडून आलेला एक्स चांगलाच. समजा, आईचा बिघडलेला एक्स हिच्याकडे आला आहे.

तिची साधी तपासणी होते. रक्ताचा थेंब, अभिकर्मक, थोडा वेळ थांबायचं आणि मग अतिनील दिव्याखाली थेंब चमकतो का ते पाहायचं. चमकला तर नॉर्मल, नाही चमकला तर दोष. ही स्वस्त आणि सुटसुटीत तपासणीही ब्यूटलर यांनीच घडवली, आणि पुरुषांसाठी ती उत्तम आहे. पण विकर नेहमीच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय ती दोष दाखवत नाही. या बाईच्या रक्तात निम्म्या पेशी धडधाकट आहेत. त्यांच्या जोरावर थेंब चमकतो. रिपोर्ट येतो, नॉर्मल.

आता तिचं विकर आकड्यात मोजलं असतं तर ५२ टक्के निघालं असतं. हे ५२ म्हणजे काय हे समजणं हीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक पेशीत ५२ टक्के विकर आहे असा त्याचा अर्थ नाही. तसं असतं तर तिला फारशी भीती नव्हती. धडधाकट पेशीत १०० आणि कमकुवत पेशीत ५ टक्के विकर धरलं, तर ५२ ही सरासरी येण्यासाठी रक्तात जवळपास निम्म्या पेशी कमकुवत असाव्या लागतात. हिमोग्लोबिन १० पैकी ५ या कमकुवत पेशींत आहे. गोळीने त्यांतल्या अर्ध्या, म्हणजे वयाने मोठ्या पेशी फोडल्या तर २.५ गेलं. उरलं ७.५. तापाने आधीच दमलेल्या बाईला ही घट जिना चढताना धाप लावणारी आहे, आणि हिमोग्लोबिन सुरुवातीला ८ असतं तर रक्त चढवण्यापर्यंत वेळ आली असती. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या रुग्णांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साध्या तपासणीत नॉर्मल ठरलेल्या पण एक बिघडलेलं जनुक असलेल्या बायकांमध्ये हे घडलेलं स्पष्ट दिसतं. तिथे प्रायमाक्विनचा डोस आपल्याकडच्यापेक्षा मोठा होता हेही सांगायला हवं, कारण रक्त किती फुटेल हे डोसवर फार अवलंबून असतं.

तुम्ही विचाराल, निम्म्या पेशी निरोगी आणि निम्म्या कमकुवत असंच दर वेळी होतं का? नाही, आणि इथे दैवाचा भाग मोठा आहे. रक्त बनवणाऱ्या पेशींचे पूर्वज, निर्णय होतो तेव्हा, थोडेच असतात. समजण्यासाठी आठ धरू. आठ नाणी उडवली तर दर वेळी चार छापे पडत नाहीत. आठपैकी सहा किंवा अधिक पेशींनी बिघडलेला एक्स चालू ठेवला असं होण्याची शक्यता २५६ मध्ये ३७ येते, म्हणजे सातांत एकीला साधारण असा कौल पडेल. उलट्या दिशेलाही तेवढीच शक्यता. म्हणून एकाच आईच्या दोन मुली, दोघींकडे तेच बिघडलेलं जनुक, पण एकीचं विकर २५ टक्के आणि दुसरीचं ८० असं होऊ शकतं. जुळ्या बहिणींतही फरक पडतो. त्यामुळे 'माझ्या बहिणीने हीच गोळी घेतली, तिला काही झालं नाही' हा आधार धरू नका. तेच बिघडलेलं जनुक असलेल्या दोन भावांत असा अंदाज चालतो, दोन बहिणींत चालत नाही.

मग रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं? पहिलं, त्यावर आकडा आहे का ते पाहा. नुसतं 'नॉर्मल' किंवा 'डेफिशियंट' लिहिलेलं असेल तर ती हो-नाहीची तपासणी आहे. बाईसाठी 'क्वांटिटेटिव्ह', म्हणजे आकडा देणारी तपासणी मागा. अळणावरात ती होत नसेल तर नमुना धारवाडला किंवा हुबळीला पाठवता येतो का, हे लॅबला विचारा. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेलं आणि थंड ठेवून नेलेलं असावं, कारण उन्हात तापलेल्या नमुन्यात विकर मरतं आणि नसलेला दोष दिसू लागतो. आकडा हिमोग्लोबिनच्या एका ग्रॅममागे युनिटमध्ये येतो आणि प्रत्येक पद्धतीचं नॉर्मल वेगळं असतं. म्हणून 'नॉर्मल पुरुषाच्या तुलनेत हे किती टक्के?' असं विचारा. ७० च्या वर असेल तर रोजची चौदा दिवसांची गोळी सहसा चालते. ३० च्या खाली असेल तर रोजची गोळी देत नाहीत. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, आठ आठवडे, अशी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली आहे, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दोन डोसांमध्ये आठवडा मिळाला की शरीर नव्या पेशी तयार करतं, आणि नव्या पेशीत जन्मतःची पुंजी शिल्लक असते.

३० ते ७० हा पट्टा जवळजवळ फक्त बायकांचा आहे. डॉक्टरांशी खरं बोलणं इथे हवं असतं. माझं मत असं, की या पट्ट्यातल्या बाईला गोळी नाकारणं हे उत्तर नव्हे, कारण मलेरिया उलटत राहिला तर रक्त त्यानेही कमी होतं. रोजची गोळी द्यायची ठरली तर सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन बघावं आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी पुन्हा बघावं. रक्त फुटायचं असेल तर बहुधा पहिल्या आठवड्यातच फुटतं. घरी रोज लघवीचा रंग पाहायचा. कोऱ्या चहासारखी गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा, कंबर दुखणं, चार पावलांत धाप, यांतलं काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि गोळ्यांचं पाकीट बरोबर न्यायचं. टॅफेनोक्विन नावाचं एकाच डोसाचं नवं औषध आहे. ते शरीरात कित्येक दिवस टिकतं आणि दिल्यावर परत घेता येत नाही, म्हणून आकडा ७० च्या वर असल्याची खात्री झाल्याशिवाय ते देत नाहीत.

दुसरी गोष्ट, तपासणी कधी केली ते पाहा. पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तर काय उरतं याचा विचार करा. कमकुवत पेशी, आणि त्यांतल्याही म्हाताऱ्या, आधीच संपलेल्या असतात. उरतात धडधाकट पेशी आणि नव्याने आलेल्या कोवळ्या पेशी, ज्यांच्यात विकर जास्त असतं. त्यामुळे सगळ्यात जास्त त्रास झालेल्या बाईचा आकडाच त्या आठवड्यात चांगला दिसतो. पुरुषातही असं होतं, पण बाईत दुहेरी होतं, कारण तिच्या रक्तातलं मिश्रणच बदललेलं असतं. लघवी गडद झाल्यानंतर लगेच केलेल्या तपासणीत 'नॉर्मल' आलं तर त्यावर विसंबू नका. साधारण तीन महिन्यांनी, जुन्या पेशींची जागा नव्यांनी भरल्यावर, पुन्हा मोजा. रक्त चढवलं असेल तरीही तेवढंच थांबा, नाही तर रक्तदात्याचं विकर मोजलं जातं.

जनुकाची तपासणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. बाईकडे बिघडलेली प्रत आहे की नाही हे तिच्यातून पक्कं कळतं, पण किती पेशींत ती प्रत चालू आहे हे कळत नाही. विकराची तपासणी नेमकी उलट. धोका किती हे ती सांगते, पण ज्या बाईत दैवाने चांगला एक्स बहुतेक पेशींत चालू राहिला तिची बिघडलेली प्रत ती लपवते. मलेरियाची गोळी घ्यायची असेल तर विकराचा आकडा हवा. मुलांना काय जाईल हे जाणायचं असेल तर जनुक पाहावं लागतं. अंड्यात दोन्ही एक्स पुन्हा जागे झालेले असतात, म्हणून स्वतः ८० टक्क्यांची असलेली आईसुद्धा बिघडलेली प्रत मुलाला देऊ शकते. प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी. बापात दोष असेल तर त्याच्या सगळ्या मुलींकडे ती प्रत जाते, आणि मुलांकडे त्याच्याकडून एकाकडेही जात नाही.

एक्सवरच्या प्रत्येक दोषाला हेच गणित लागत नाही. हिमोफिलियाचं उदाहरण घ्या. तिथेही बाईच्या काही पेशी घटक ८ बनवतात आणि काही बनवत नाहीत. पण तो घटक पेशीबाहेर, रक्तात सोडला जातो, आणि मग कुठल्या पेशीने बनवला याला अर्थ उरत नाही. म्हणून तिथे सरासरी हीच खरी. ४० टक्के घटक असलेल्या बाईचं रक्त ४० टक्केच गोठण्याच्या लायकीचं. जी-६-पीडी पेशीच्या आतच राहतं, शेजारच्या पेशीला उसनं मिळत नाही, म्हणून इथे सरासरी फसवते. हिमोफिलियाच्या घरातल्या बायकांनीही आपला घटक मोजून घ्यावा. पाळीला फार रक्त जाणं, दात काढल्यावर न थांबणं याला 'बायकांचं असतंच' म्हणून सोडू नये. दैवाचा कौल वाईट पडला तर तिचा घटकही ४० च्या खाली उतरतो, आणि तिला आता नुसती वाहक न म्हणता सौम्य हिमोफिलियाची रुग्ण मानतात.

ज्यांच्या घरात जी-६-पीडीचा दोष माहीत आहे त्यांनी कुठल्या गोष्टी टाळायच्या, हा नेहमीचा प्रश्न. प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन तपासणीशिवाय नको. कुष्ठरोगात आणि काही त्वचारोगांत दिलं जाणारं डॅप्सोन घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. कपाटात ठेवतात त्या डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, बाळाच्या कपड्यांत अजिबात ठेवू नका. इंटरनेटवर 'बीन्स खाऊ नका' असं वाचून पुष्कळ घरांत पावटे, वाल, घेवडा बंद होतो. धारवाडकडच्या जेवणातून पावटा गेला तर राहिलं काय? धोका आहे तो बाकला या एका शेंगेचा, आणि ती आपल्याकडे फारशी शिजत नाही. पावटा आणि वाल ही वेगळी कडधान्यं आहेत. ताप आल्यावर नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉलही चालतं.

दिवस गेले असतील तर प्रायमाक्विन कोणत्याही आकड्यावर घेत नाहीत. आईचं विकर १०० टक्के असलं तरी पोटातल्या बाळाचं किती हे माहीत नसतं, आणि औषध वारेतून पलीकडे जातं. तेव्हा दिवस राहिल्याचा संशय असेल तर गोळी घेण्याआधीच सांगा, डॉक्टर मलेरियावर दुसरा उपाय करतील आणि प्रायमाक्विन बाळंतपणानंतरसाठी ठेवतील. बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा, कारण त्या वेळी बाळाची जी-६-पीडीही पाहावी लागते. आणि घरात दोष माहीत असेल तर बाळंतपणाच्या कागदावर तसं आधीच लिहून घ्या. जन्मानंतरची कावीळ अशा बाळांत जास्त चढते, आणि मुलगी झाली म्हणून निश्चिंत राहता येत नाही. तिच्याही रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी असू शकतात, म्हणून तिचं बिलिरुबिन मुलाइतक्याच काळजीने, घरी सोडण्याआधी आणि पुन्हा दोन-तीन दिवसांनी, बघून घ्यायला हवं.